बाबा गेल्याचं स्वप्न आणि मैत्रिणीचा निरोप : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोन मैत्रिणींनी एका सकाळी एकमेकींना पाठवलेल्या निरोपांचं आहे. स्वप्न जिला पडलं तिला मी इथे 'लेक' म्हणते आणि जिने तिला धीर दिला तिला 'मैत्रीण'. लेक माझ्याकडे समुपदेशनासाठी आली ती त्या सकाळनंतर तीन आठवड्यांनी. बोलता बोलता तिने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "हे वाचा, मग मला काही सांगावं लागणार नाही." पुढे मैत्रिणीशीही बोलणं झालं. दोघींच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

लेक 39 वर्षांची, वडील 72 वर्षांचे. आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून वडील वेगळ्या गावी एकटे राहतात. त्यांना गंभीर आजार नाही. मोतीबिंदूमुळे दिसायला कमी झालंय आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलत राहायची त्यांची सवय आहे. आई गेल्याची बातमी लेकीला रात्री दीडला फोनवर कळली होती. ही गोष्ट मैत्रिणीला माहीत होती, पण त्या सकाळी तिच्या लक्षात आली नाही.

स्वप्न

फोन वाजतो. पलीकडून कोणीतरी म्हणतं, "बाबा गेले." लेक वडिलांच्या घरात आहे आणि ड्रॉवरमध्ये त्यांचा चष्मा शोधते आहे. माणूस गेल्यावर चष्मा कशाला, असा प्रश्न तिला स्वप्नात पडत नाही. एका ड्रॉवरमधून दुसरा ड्रॉवर निघतो, त्यातून तिसरा. चष्मा काही मिळत नाही. मग जाग येते.

5 वाजून 24 मिनिटांनी तिने मैत्रिणीला लिहिलं: "बाबा गेल्याचं स्वप्न पडलं. पहाटेचं आहे. हात थरथरतायत. फोन करू का त्यांना? इतक्या लवकर केला तर तेच घाबरतील."

अडचण

निरोपात प्रश्न एकच दिसतो, फोन करू का. नीट वाचलं तर त्यात आणखी एक दडलेला आहे. "पहाटेचं आहे" या दोन शब्दांत तिची भीती आहे, कारण पहाटेची स्वप्नं खरी होतात ही समजूत तिच्या मनात होती. या दोन्हींच्या खाली एक तिसरा प्रश्न होता. तो तिने लिहिलाच नव्हता आणि सगळ्यात जास्त बोचणारा तोच होता. मैत्रिणीला तो जवळजवळ सव्वा तासाने कळला.

समोर कोणते पर्याय होते

मैत्रिणीने 6 वाजून 5 मिनिटांनी निरोप पाहिला. तिने पहिल्यांदा टाइप केलं ते असं: "अगं, उलट चांगलं असतं, ज्याचं मरण दिसतं त्याचं आयुष्य वाढतं." पाठवायच्या आधी पुसलं. का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "या स्वप्नाने आयुष्य वाढतं असं मी मान्य केलं, तर दुसऱ्या एखाद्या स्वप्नाने ते कमी होतं हेही मान्य करावं लागेल." मला हे उत्तर फार पटलं. स्वप्न म्हणजे शकुन ही चौकट तशीच ठेवून आपण फक्त शकुनाची दिशा फिरवतो. मग पुढच्या वाईट स्वप्नाला ती बाई पुन्हा तितकीच घाबरते.

दुसरा पर्याय होता अर्थ लावून देण्याचा: चष्मा म्हणजे अमुक, ड्रॉवर म्हणजे तमुक. मैत्रिणीला त्याचा मोह झाला नाही. तिसरा पर्याय "आत्ताच फोन कर आणि मोकळी हो" हा. यात तात्पुरता आराम नक्की आहे. पण सकाळी सहाच्या सुमाराला फोन वाजल्यावर एकटा राहणारा, कमी दिसणारा माणूस धडपडत उठणार. शिवाय भीती वाटली की खात्री करायची, अशी सवय लागते आणि खात्रीची गरज दर वेळी वाढत जाते. अर्थात वडील आजारी असते किंवा दोन दिवस फोन उचलत नसते, तर मीही लगेच फोन करायलाच सांगितलं असतं.

चौथा पर्याय होता अशी स्वप्नं का पडतात ते समजावून सांगण्याचा. मैत्रिणीने तो निवडला, पण आधी दोन छोटे निरोप पाठवले.

काय केलं

"वाचलं. जागी आहे. काकांशी शेवटचं कधी बोललीस?"

"काल रात्री नऊला. बरे होते."

"मग आत्ता नको करूस फोन. ते उठले की रोजच्या वेळेला, रोजच्यासारखा कर. तोवर मी आहे इथेच."

फोनचा प्रश्न आधी निकालात काढला हे तिने उत्तम केलं. हात थरथरत असताना कोणालाही मेंदूचं शास्त्र ऐकायचं नसतं. त्यानंतर 6 वाजून 40 मिनिटांनी तिने लांबलचक निरोप पाठवला. त्याचा मुख्य भाग असा:

"आता ऐक. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं लोक का म्हणतात, त्याला कारण आहे, पण ते वेगळंच आहे. झोप सारखी नसते, साधारण दीड दीड तासाचे फेरे असतात. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी एक टप्पा येतो, त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. सगळ्यात ठसठशीत स्वप्नं तेव्हाच पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचाच असतो, पहाटेकडे लांबत जातो, शेवटचा तर अर्धा तासही चालतो. म्हणजे मोठी, गोष्टीसारखी स्वप्नं पहाटेच जास्त पडणार. आणि तू त्यातूनच थेट जागी झालीस, म्हणून आठवलं. मध्यरात्री असलंच काही पडलं असेल तर तुला त्याचा पत्ताही नाही. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं नाही गं, लक्षात राहतं इतकंच.

"त्या टप्प्यात मेंदूचा भीतीशी जोडलेला भाग जोरात चालू असतो, आणि 'थांब, हे शक्य आहे का' असं विचारणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो. म्हणून तर माणूस गेल्यावर तू त्याचा चष्मा शोधत बसलीस आणि तुला त्यात काही वावगं वाटलं नाही. छातीत धडधडत होतं ते खरं होतं. पण ते कशामुळे, हे तुझ्या मेंदूने रचलेलं होतं.

"आणि काका का? कारण ते सध्या तुझ्या मनात आहेत. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे अभ्यास करणारेही वेगळ्या शब्दांत तेच सांगतात. गेल्या आठवड्यात काय झालं आठव. एखादी गोष्ट त्याच रात्री स्वप्नात येते किंवा पाच ते सात दिवसांनी उलटून येते, असं आढळलंय. तू मला सांगितलं होतंस, काकांनी फोन करून घराची कागदपत्रं कोणत्या फाइलमध्ये आहेत ते तुला लिहून घ्यायला लावलं. त्याला आज सहा दिवस झाले."

पुढे तिने एक हिशेबही लिहिला होता. साधारण काकांच्या वयाचे वडील असलेल्या दहा लाख बायका घे, प्रत्येकीला वर्षात एकदा असं स्वप्न पडतं असं धर. त्या वयाच्या शंभरांपैकी दोन माणसं वर्षभरात जातात असंही धर. तर स्वप्नानंतरच्या चोवीस तासांत वडील गेले, असं केवळ योगायोगाने पन्नास-पंचावन्न जणींच्या बाबतीत घडेल. त्या पंचावन्न जणी ते जन्मभर सांगतील. उरलेल्या नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे पंचेचाळीस जणी न्याहारीपर्यंत विसरतील.

आकडे धरून चाललेले असले तरी हिशेबाची रीत बरोबर आहे. "माझ्या आत्याला अगदी असंच झालं होतं" या छापाच्या गोष्टी कुठून येतात, ते यातून नेमकं कळतं. पण सकाळी पावणेसातला, भेदरलेल्या बाईला? मैत्रीण हिशेबाच्या कामातली आहे, तिला आकड्यांनी धीर येतो. लेकीने मला सांगितलं की "दोन माणसं जातात" याच्यापुढे तिने वाचलंच नाही.

खरा प्रश्न

या सगळ्यावर लेकीचं उत्तर आलं: "हं. कळलं." आणि मग वीस मिनिटं काही नाही.

मैत्रिणीला वाटलं, काम झालं. ती अंघोळीला जायला उठली. तेवढ्यात 7 वाजून 18 मिनिटांनी निरोप आला: "एक सांगू? स्वप्नात मला रडू आलंच नाही. हायसं वाटलं. मी इतकी वाईट आहे का?"

या प्रकरणातलं सगळ्यात नाजूक वळण हे आहे. स्वप्न खरं होईल ही भीती तोवर बरीच ओसरली होती. आपल्याला बाबा जावेत असं वाटतं की काय, हा काटा मात्र राहिला होता. इथे "छे, असं काही नसतं" म्हणून टाकणं फार सोपं होतं, आणि तसं म्हटलं असतं तर लेक गप्प झाली असती. मैत्रिणीने दोनच शब्द लिहिले: "कशाचं हायसं?"

उत्तर यायला पाच मिनिटं लागली. "आता फोनची वाट बघायला नको याचं."

आई गेल्यापासून रात्री दहानंतर फोन वाजला की लेकीच्या पोटात खड्डा पडत होता. ती फोन उशाशी, आवाज पूर्ण मोठा ठेवून झोपायची. चार वर्षं ती एका फोनची वाट बघत होती. स्वप्नात तो फोन आला आणि वाट बघणं संपलं. हायसं वाटलं ते त्याचं. मैत्रिणीने तेच तिला लिहून पाठवलं, मोजून चार ओळींत: "तुला काका नको झालेले नाहीत. तुला ही वाट बघणं नको झालंय. चार वर्षं उशाशी फोन घेऊन कोणीही थकेल. स्वप्नाने तुझा थकवा दाखवला, इच्छा नाही."

मैत्रिणीला माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. जवळच्या माणसाच्या मरणाचं स्वप्न म्हणजे दडलेली इच्छा, ही कल्पना फ्रॉइडची. 1900 हे प्रकाशनवर्ष छापलेल्या त्याच्या स्वप्नांवरच्या ग्रंथामुळे ती जगभर गेली आणि अर्धवट ऐकून आजही अनेकांना छळते. पण त्यानेही अशा स्वप्नांचे दोन गट केले होते. ज्यात स्वप्न पाहणाऱ्याला दुःख होतच नाही आणि जागं झाल्यावर त्याला स्वतःच्याच कोरडेपणाचं नवल वाटतं, अशी स्वप्नं त्याने त्या इच्छेच्या गटातून वगळली होती. आणि ज्यात खरंच शोक होतो, त्यांच्याबद्दलही त्याचं म्हणणं होतं की ती इच्छा आजची असेलच असं नाही, बालपणातलीही असू शकते. म्हणजे फ्रॉइडकडे गेली असती तरी लेक या आरोपातून सुटली असती. त्याचा इच्छेचा सिद्धांत तसाही आज बहुतेक संशोधक जसाच्या तसा मानत नाहीत. पुढे कॅल्विन हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञासारख्यांनी हजारो स्वप्नं जमवून मोजली, तेव्हा जागेपणीच्या काळज्या आणि माणसंच स्वप्नांत बरीचशी उघडपणे फिरताना दिसली.

पुढे काय झालं

आठ वाजता लेकीने वडिलांना नेहमीसारखा फोन केला. स्वप्नाचं काही बोलली नाही. फोन ठेवल्यावर ती खूप रडली, आणि मैत्रिणीला लिहिलं की आता बरं वाटतंय.

इथे हे संपलं असतं तर मला लिहिण्यासारखं फारसं उरलं नसतं. पण त्याच स्वप्नाने पुढच्या बारा दिवसांत आणखी तीनदा गाठलं. फोन, ड्रॉवर, चष्मा, सगळं तेच. लेक झोपायला घाबरू लागली, रात्री एकपर्यंत जागायची. झोप अपुरी पडली की मेंदू पुढच्या रात्री स्वप्नांचा टप्पा जास्त ओढून घेतो, त्यामुळे जागरणाने स्वप्नं कमी व्हायच्या ऐवजी आणखी गडद होऊ शकतात. या अवस्थेत ती माझ्याकडे आली.

मी तिला विचारलेला पहिला प्रश्न अगदी रुक्ष होता: गेल्या महिन्यात कोणतं औषध नवीन सुरू झालं, वाढलं किंवा बंद झालं? ती म्हणाली, "अर्धशिशीसाठी एक गोळी, रोज रात्री." चिठ्ठी पाहिली. प्रोप्रानोलॉल. पहिल्या स्वप्नाच्या अकरा दिवस आधी सुरू झालेलं. हे औषध मेंदूपर्यंत सहज पोचतं, आणि ठसठशीत किंवा भीतिदायक स्वप्नं हा त्याचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं. झोपेची गोळी किंवा रोजची दारू अचानक सोडल्यावरही काही दिवस स्वप्नांना पूर येतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, असं मी तिला दोनदा बजावलं, कारण हे औषध एकदम तोडणं धोक्याचं ठरू शकतं. तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ते हळूहळू कमी करत दुसरं सुरू केलं.

औषधाने वडील किंवा चष्मा स्वप्नात आणला नाही. मजकूर तिचाच होता. औषधाने बहुधा फक्त आवाज वाढवला.

दुसरं काम आम्ही कागदावर केलं. वारंवार येणाऱ्या दुःस्वप्नासाठी एक साधी रीत आहे: जागेपणी ते लिहून काढायचं, त्यात आपल्याला हवा तो बदल करायचा, आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. काय बदलायचं हे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं. मला वाटलं होतं ती फोन बदलेल. तिने फोन तसाच वाजू दिला. चष्मा तिसऱ्या ड्रॉवरमध्ये सापडतो, ती तो पदराने पुसते आणि नेऊन बाबांच्या हातात देते, असं लिहिलं.

तिसरी गोष्ट तिने स्वतःच्या मनाने केली. वडिलांना भेटायला गेली आणि त्यांना स्वप्न सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग सापडला का चष्मा?" त्याच भेटीत त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख नक्की केली. रात्री दहानंतर फोन करायचा तो शेजाऱ्यांनी आणि फक्त गरजेलाच, बाकी कोणी नाही, असंही दोघांनी ठरवलं. लेकीने त्या एका नंबरला वेगळी घंटी लावली आणि उरलेल्या फोनांचा आवाज रात्री बंद करायला लागली.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत ते स्वप्न एकदाच पडलं, तेही अर्धवट. नेमकं कशामुळे थांबलं? औषध बदललं, सराव झाला, वडिलांशी बोलणं झालं, हे सगळं पंधरा दिवसांच्या आत घडलं. यातलं श्रेय कोणाला किती, ते सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मैत्रिणीच्या लांब निरोपात चुकीचं काही नव्हतं. शकुनाची चौकट मोडणं, फोन थांबवणं, सहा दिवसांपूर्वीची फाइल आठवून देणं, हे तर मी केलं असतं त्याहून बरं केलं. उणीव राहिली ती एवढीच की तिने उत्तर आधी दिलं आणि प्रश्न नंतर विचारला. स्वप्नात काय दिसलं ते तिला माहीत होतं, काय वाटलं ते तिने विचारलं नव्हतं. आणि लेकीने ते आपणहून सांगितलं नसतं, तर ती तो काटा घेऊनच गप्प बसली असती.

औषधाचं विचारायला हवं होतं का? एका स्वप्नाला नाही. तेच स्वप्न पुन्हा आलं असं लेकीने तिला चौथ्या दिवशी कळवलं, तेव्हा मात्र मनाचं स्पष्टीकरण पुन्हा समजावण्यापेक्षा झोप, गोळ्या, ताप, जागरण यांची चौकशी करायला हवी होती. मैत्रिणीने तोच निरोप थोडा बदलून पाठवला. कारण एकदा सापडलं की दुसरं शोधायचं आपण सोडून देतो, माझंही असं अनेकदा झालंय.

प्रश्न आधी की उत्तर आधी, यावर आमचं दोघींचं अजून एकमत नाही. मी म्हणते, "तुला स्वप्नात काय वाटलं?" हे सव्वासहालाच विचारायला हवं होतं. मैत्रीण म्हणते, त्या वेळी विचारलं असतं तर "भीती" असं एका शब्दात उत्तर आलं असतं. ती भीती आधी उतरली, म्हणूनच खालचं वर आलं. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "मला एवढंच आठवतं की ती अंघोळीला जाणार होती आणि गेली नाही."